साहेबांचा ‘हॅलो’ आणि आपले उत्तर

कार्यालयातील दूरध्वनी खणखणतो, किंवा हल्ली बहुधा खिशातील भ्रमणध्वनीवर संदेश उमटतो. पलीकडून एकच शब्द येतो : ‘हॅलो’. त्यापुढे नाव नाही, विषय नाही, क्षेमकुशल नाही. शब्द वरिष्ठ अधिकाऱ्याचा आहे एवढे मात्र क्रमांकावरून वा आवाजावरून कळते. अशा वेळी कित्येक कर्मचाऱ्यांच्या छातीत धस्स होते. साहेब रागावले आहेत काय, आपल्या हातून काही राहिले काय, अशा शंका एका क्षणात मनात येऊन जातात, आणि त्या शंकांच्या भरात जे उत्तर दिले जाते ते साहेबांच्या उपयोगाचे नसते आणि आपल्याही नसते.

वास्तविक या तुटक ‘हॅलो’त राग क्वचितच असतो. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा एखादे विभागप्रमुख सकाळच्या तासाभरात वीस-पंचवीस ठिकाणी बोलतात. प्रत्येक ठिकाणी ‘कसे आहात’ने आरंभ केला, तर अकराच्या बैठकीपूर्वी निम्मी गावेही होणार नाहीत. जुन्या पिढीतील कारकून मंडळी सांगत की, ट्रंक कॉलच्या काळात संभाषण तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने मोजले जाई आणि त्यामुळे मोठे अधिकारी आरंभीचे शिष्टाचार गाळूनच बोलत. ट्रंक कॉल गेले, बोलणे जवळजवळ फुकट झाले, पण अधिकाऱ्याच्या दिवसाचे तास काही वाढले नाहीत. सवय राहिली ती त्यामुळे.

या शब्दाचाही थोडा इतिहास आहे. दूरध्वनीचा जनक बेल याला संभाषणाचा आरंभ ‘अहॉय’ या खलाशांच्या हाकेने व्हावा असे वाटे. ‘हॅलो’ सुचविला तो एडिसनने, १८७७ साली. मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ च्या जानेवारीत सुरू झाले आणि त्या तारांबरोबर हा शब्दही आपल्याकडे आला व मराठी होऊन राहिला. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांनी ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ने संभाषणाचा आरंभ करावा असा निर्णय काढला, त्यात सक्ती नव्हती, आवाहन होते. पहिला शब्द कोणता असावा हा या लेखाचा विषय नव्हे. तो शब्द उच्चारला गेल्यावर खालच्या कर्मचाऱ्याने पुढे काय बोलावे, एवढाच आपला प्रश्न आहे.

पहिले उत्तर

उदाहरणासाठी आपण वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात, धनज येथे जाऊ. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी येथल्या ग्रामपंचायतीला येणारा जिल्ह्याचा ‘हॅलो’ अकोल्याहून येत असे, आता तो वाशीमहून येतो. पुढील प्रसंग केवळ समजुतीसाठी योजलेला आहे. त्यातील व्यक्ती व आकडे कल्पित आहेत, पण कामाची रीत मात्र खरी आहे.

जुलै महिना आहे. पावसाने जोर धरला आहे. सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर मुख्य कार्यकारी अधिकारी मॅडमचा संदेश येतो : ‘हॅलो’. (ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे पदनाम देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. गावात मात्र अजून ‘ग्रामसेवक’ हाच शब्द ऐकू येतो, आणि तो लवकर जाईल असे दिसत नाही.)

सर्वसाधारणपणे या संदेशाला जाणारे उत्तर असते : ‘नमस्कार मॅडम’, आणि त्यापुढे हात जोडल्याचे चित्र. उत्तर नम्र आहे. पण त्याने काम तसूभरही पुढे गेलेले नाही. मॅडमना आता पुन्हा विचारावे लागते, ‘कोठे आहात?’ मग उत्तर, ‘मॅडम, कार्यालयात’. मग प्रश्न, ‘पाण्याचे काय?’ मग उत्तर, ‘कोणत्या पाण्याचे, मॅडम?’ दरम्यान मॅडम दुसऱ्या गावाशी बोलू लागलेल्या असतात. त्यांचे लक्ष परत धनजकडे येईपर्यंत दहा मिनिटे जातात. चार साध्या वाक्यांचे काम अर्धा तास रेंगाळते, आणि अखेरीस मॅडम पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना विचारतात, जे स्वतः धनजलाच दूरध्वनी लावणार असतात.

दोष नम्रतेचा नाही, येरझारांचा आहे. वरिष्ठाने एक शब्द पाठविला म्हणजे त्याने दार किलकिले केले. आपले पहिले उत्तर असे असावे की त्याचे पुढचे वाक्य थेट कामाचेच असू शकेल. त्यासाठी त्याला तीन गोष्टी न विचारता कळाव्या लागतात : कोण बोलत आहे, तो आता कोठे आहे, आणि तो ऐकण्यास मोकळा आहे की नाही. म्हणून उत्तर असे जावे :

‘नमस्कार मॅडम. मी ग्रामपंचायत अधिकारी, धनज. कार्यालयात आहे. सांगावे.’

गावाचे नाव का घालावे, मॅडमकडे क्रमांक आहेच की, असे कोणी म्हणेल. क्रमांक असतो, पण त्यांच्या यादीत तो कोणत्या नावाने जतन केला आहे हे आपणास ठाऊक नसते. वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत, आणि एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे कधी दोन गावांचा कार्यभार असतो. गावाचे नाव न आल्यास अधिकारी भलत्याच गावाची माहिती भलत्या गावाच्या नावावर लिहून घेतो, आणि ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्यक्ष बोलण्यातही हेच. मात्र ‘सांगा’ आणि ‘बोला’ या दोन शब्दांतील भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘बोला’ हा दुकानाच्या गल्ल्यावरचा शब्द आहे. गिऱ्हाइकाला तो शोभतो, वरिष्ठाला ऐकविला तर थोडा उर्मट लागतो. ‘काय काम होते?’ हे त्याहून वाईट. उलट बाजूला ‘आज्ञा व्हावी’ असे बोलणारेही आहेत. त्याने साहेब सुखावतात असा समज असला तरी बहुतेकांना ते नाटकी वाटते. ‘सांगा साहेब’, ‘सांगा मॅडम’ एवढे पुरे. वऱ्हाडात वाक्याच्या शेवटी येणारा ‘जी’ यात आपसूक मिसळतो. तो गाळण्याचे काही कारण नाही. क्रमांक अनोळखी असेल आणि संदेशात एकच शब्द असेल, तर ‘साहेब’ की ‘मॅडम’ हे अंदाजाने ठरवू नये. ‘नमस्कार’ म्हणून थांबावे.

सरपंचांनी मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. सरपंच हा निवडून आलेला लोकप्रतिनिधी आहे. तो कोणाचा कर्मचारी नव्हे. ‘नमस्कार, मी धनजचा सरपंच बोलतो’ किंवा ‘बोलते’, ‘काय माहिती हवी आहे?’ एवढ्या बरोबरीच्या सौजन्याने उत्तर देण्यास हरकत नाही. वेळ वाचविण्याची रीत तीच, केवळ स्वर निराळा.

आता या उत्तरात आणखी एक वाक्य घालता येते, आणि अनुभवी कर्मचारी ते घालतो. वरिष्ठाकडून अचानक ‘हॅलो’ येतो तेव्हा दहापैकी सात-आठ वेळा विषय आपल्याला ठाऊक असतो. तो आपल्याच टेबलावर पडून असतो. पावसाळ्याच्या आरंभी पाणी शुद्धीकरणाचे परिपत्रक आलेले आहे. काल गावात पाण्याची तपासणी झाली आहे. अहवाल अजून गेलेला नाही. मग उत्तरात असे जोडावे : ‘कालच्या पाणी तपासणीचा निकाल तयार आहे; त्याविषयी असल्यास लगेच देतो.’ हा अंदाज आहे, पण अंदाज म्हणूनच मांडलेला आहे. तो चुकला तर मॅडम ‘नाही, घरकुलाचे सांगा’ असे म्हणतील. काही बिघडत नाही. बरोबर निघाला तर एक पूर्ण फेरी वाचते. परंतु न विचारता पाण्याचा सगळा अहवालच ओतू नये. विषय दुसरा असेल तर त्यांना तो वाचत बसावा लागतो.

‘हो’ म्हणजे नक्की काय?

पहिले उत्तर नीट गेले तरी खरा घोटाळा दुसऱ्या उत्तरात होतो. त्याचे कारण आपल्या भाषेतील एक लहानसा शब्द आहे.

‘हो साहेब’ याचे मराठीत तीन अर्थ होतात. एक, मी ऐकत आहे. दुसरा, मी करीन. तिसरा, झाले आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा पहिला असतो; घाईतल्या वरिष्ठाला ऐकू येतो तो तिसरा. यात खोटेपणा कोणाचाच नसतो, तरी परिणाम खोट्याइतकाच होतो.

याचा फटका मला स्वतःला नोकरीच्या आरंभी बसला आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. संध्याकाळी कार्यक्रम झाला होता आणि वृत्तपत्रांची पाने रात्री बंद होणार होती. वरिष्ठांचा दूरध्वनी आला. ते म्हणाले, ‘हॅलो. छायाचित्र?’ मी म्हणालो, ‘हो साहेब’. माझ्या मनात होते, हो, छायाचित्रकार आला होता, छायाचित्र येईल, पाठवितो. त्यांनी समजून घेतले, गेले. त्यांनी पुढे मंत्रालयात ‘गेले’ असे कळवून टाकले. छायाचित्र माझ्या हाती पडले रात्री साडेनऊनंतर, आणि तोवर दोन पाने बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘तू हो म्हणाला होतास.’ मी खरोखरच म्हणालो होतो.

तेव्हापासून कामाच्या प्रश्नाला मी नुसते ‘हो’ असे उत्तर देत नाही. क्रियापद वापरतो. ‘गेले आहे’, ‘निघालेले नाही’, ‘साडेनऊला येईल, मग लगेच पाठवितो’. उत्तर एका शब्दाने लांबते, पण त्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही. आदेश ऐकून घेतल्याची खूण द्यायची असेल तर ‘हो’ ऐवजी त्यांचे वाक्यच थोडक्यात परत म्हणावे : ‘पाच ठिकाणांचा निकाल, अकराच्या आत.’ अधिकाऱ्याचे काही सांगायचे राहिले असेल किंवा आपण चुकीचे ऐकले असेल, तर ते तेथेच कळते.

जी गत ‘हो’ची, तीच वेळ सांगणाऱ्या शब्दांची. ‘आत्ता’, ‘लगेच’, ‘थोड्या वेळात’, ‘बघून सांगतो’, ‘कळवितो’ हे शब्द आपण वेळ म्हणून वापरतो. त्यांत वेळ कोठेच नसते. आपल्या ‘आत्ता’त पाच मिनिटेही मावतात आणि दुपारही मावते. वरिष्ठाला पुढे कोणाला तरी उत्तर द्यायचे असते, त्यामुळे त्याला घड्याळातला आकडा हवा असतो. तो उशिराचा असला तरी चालतो. नसला तर चालत नाही.

धनजचा प्रसंग पुढे

मॅडमचा दुसरा संदेश येतो : ‘पाणी. पाचही ठीक? ११ ला बैठक.’

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. पावसाळ्यात गावाच्या टाकीतील पाण्यात टी.सी.एल. म्हणजे विरंजक चूर्ण टाकतात. ताज्या चूर्णात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल व ऊन लागल्यास तो उडून जातो. साधारण १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम हे प्रमाण धरतात. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. चूर्ण कोरडे टाकीत फेकायचे नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायचे, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी टाकीत ओतायचे. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचे नाही. मग नळाच्या पाण्याचा नमुना नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात. यालाच आपण ओ.टी. तपासणी म्हणतो. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पाणी पांढरेच राहिले तर नाही.

काल जलसुरक्षकाने पाच ठिकाणी तपासणी केली : टाकीजवळ, दोन सार्वजनिक नळांवर, शाळेत आणि जलवाहिनीच्या शेवटच्या घरी. पहिल्या चार ठिकाणी रंग आला. शेवटच्या घरी आला नाही. ही नवलाची गोष्ट नव्हे. क्लोरीन वाटेतच खर्च होत जातो, आणि जलवाहिनी कोठे फुटलेली असली तर पुरवठा बंद असताना बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते व उरलेला क्लोरीनही संपतो. शेवटचे घर तपासायचे ते याचसाठी. आज सकाळी ८ वाजता टाकीत पुन्हा चूर्ण टाकले आहे.

आता उत्तर काय द्यावे? मॅडमनी ‘पाचही ठीक?’ असे विचारले आहे. त्यांना ‘होय’ ऐकायचे आहे असे वाटू शकते, आणि पाचपैकी चार ठीक आहेतच. अशा वेळी दोन प्रकारची उत्तरे हमखास जातात. एक : ‘हो मॅडम, सर्व व्यवस्थित आहे, पाणी पुरवठा सुरळीत चालू आहे.’ हे चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत शेवटच्या गल्लीतली लेकरे जुलाबाने देतील. दुसरे : ‘मॅडम, काल जलसुरक्षक गेला होता, पण पाऊस होता, वीज गेली होती, आणि ती जलवाहिनी जुनी आहे, आम्ही प्रस्ताव पाठविलेला आहे, गेल्या वर्षीही...’ यातले अक्षर न् अक्षर खरे असेल. पण आकडा पाचव्या ओळीत आहे आणि मॅडम दुसऱ्या ओळीनंतर वाचणार नाहीत.

तिसरे उत्तर असे :

‘मॅडम, पाचपैकी चार ठिकाणी क्लोरीन आहे. शेवटच्या घरी नाही. आज ८ वाजता टाकीत पुन्हा टी.सी.एल. टाकले आहे. शेवटच्या घराची फेरतपासणी १०.३० ला, निकाल १०.४५ पर्यंत कळवितो.’

आकडा पहिला आहे, वाईट बातमी त्याला लागूनच आहे, केलेले काम नंतर आणि घड्याळातली वेळ शेवटी. जुनी जलवाहिनी, प्रस्ताव, पाऊस यांपैकी काहीही नाही, मॅडमनी ‘का?’ असे विचारले तर ते सांगण्यास जागा आहे.

१०.३० ही वेळ कोठून आली तेही पाहण्यासारखे आहे. भीतीने बोलणाऱ्याने ‘दहा मिनिटांत कळवितो’ असे म्हटले असते. परंतु चूर्ण आठला पडले, कालवणे, निवळणे व अर्ध्या तासाचा विसावा धरून साडेनऊपूर्वी पाणी सोडायचे नाही असे ठरले आहे, आणि सोडलेले पाणी शेवटच्या घरापर्यंत पोहोचण्यास पाऊण तास तरी लागतो हे जलसुरक्षक सांगतो. म्हणजे सव्वादहापूर्वी त्या नळाला आजचे पाणीच येणार नाही. त्याआधी घेतलेला नमुना कालच्या पाण्याचा असेल. म्हणून १०.३०. आणि मॅडमची बैठक ११ ला आहे, म्हणून १०.४५, त्यापुढे नाही. काम पुरे होण्यास खरोखरच दुपार लागली असती, तर १०.४५ ला ‘अजून बाकी आहे, दुपारी २ ला’ एवढे तरी कळविणे भाग होते.

१०.४० ला धनजहून पुढचा संदेश जातो. आता आरंभी पुन्हा ‘नमस्कार मॅडम, आपण सकाळी विचारल्याप्रमाणे’ असे लिहिण्याची गरज नाही. पहिला शब्दच उत्तराचा : ‘धनज, शेवटचे घर : आजही क्लोरीन नाही. त्या गल्लीतील १४ घरांना पाणी उकळून पिण्यास घरोघर सांगितले आहे. गळती शोधण्याचे काम सुरू आहे. दुपारी ४ ला स्थिती कळवितो.’

बातमी पुन्हा वाईटच आहे. तथापि अकराच्या बैठकीत मॅडमच्या हाती आता धनजचे खरे चित्र आहे. आरोग्य केंद्राला त्या गल्लीकडे लक्ष ठेवण्यास त्या सांगू शकतात, आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला माणूस पाठविण्यास सांगू शकतात. मॅडमकडून यावर उत्तर येते : ‘ओके’. कित्येकांना हा ‘ओके’ही तुटक वाटतो. तो मिळाला म्हणजे आपले उत्तर पूर्ण होते असेच समजावे. त्याला पुन्हा ‘धन्यवाद मॅडम’ पाठवून त्यांचा भ्रमणध्वनी बैठकीत वाजवू नये.

बिघडले हे कसे ओळखावे

आपले उत्तर चुकले आहे हे वरिष्ठ क्वचितच सांगतात, पण खुणा मिळतात. तोच प्रश्न त्याच शब्दांत दुसऱ्यांदा आला, तर आपण उत्तरच दिलेले नाही; आपणास दिले असे वाटत असले तरी. ‘म्हणजे?’ असा प्रश्न आला तर आकडा कोठेतरी वाक्यांत दडला आहे. मागचे सगळे परत न सांगता केवळ आकडा पाठवावा. तिसरी खूण अधिक गंभीर आहे. आपल्याला काही न विचारता वरिष्ठ तीच माहिती आपल्या सहकाऱ्याकडून किंवा तलाठ्याकडून मागवू लागतात. (तलाठ्यांचे पदनामही आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे.) याचा अर्थ आपल्या ‘कळवितो’वरचा त्यांचा भरवसा संपला आहे, आणि तो पुन्हा मिळविण्यास गोड बोलण्यापेक्षा दोन-चार वेळा सांगितलेल्या मिनिटाला उत्तर जाणे उपयोगी पडते.

माहिती ठाऊकच नसेल तर? ‘मला ठाऊक नाही’ एवढेच म्हणून थांबणे आणि अंदाजाने आकडा ठोकून देणे, दोन्ही सारखेच निरुपयोगी. ‘चूर्णाचा साठा किती हे आत्ता माझ्यापुढे नाही. नोंदवही पाहून ९.१५ ला सांगतो’ हे उत्तर कोणीही अधिकारी आनंदाने स्वीकारतो. निदान मी तरी स्वीकारत आलो आहे.

उत्तर दिल्यानंतर

जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने थेट गावात विचारले तर मधली पायरी वगळली गेलेली असते. कारंज्याच्या पंचायत समितीतील गटविकास अधिकाऱ्यांना हे दुपारी दुसऱ्याकडून कळले, तर त्यांची अडचण होते आणि तिचा त्रास अखेरीस आपल्यालाच होतो. म्हणून मॅडमना गेलेले उत्तर जसेच्या तसे गटविकास अधिकाऱ्यांनाही पाठवावे, ‘मुख्य कार्यकारी अधिकारी यांना ८.५० ला कळविले’ एवढी ओळ जोडून. यात चुगली नाही, तक्रार नाही.

माहिती देणे वेगळे आणि तोंडी आदेशावर कृती करणे वेगळे. ‘हॅलो, ते देयक आजच काढा’ असा आदेश आला, तर त्याची लेखी पुष्टी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांच्या तिसऱ्या नियमात वरिष्ठाचे निदेश शक्यतो लेखी घ्यावेत आणि ते शक्य नसेल तेव्हा नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी असे म्हटले आहे. ही पुष्टी मागताना संकोचण्याचे कारण नाही, ‘आपल्या ९.०५ च्या दूरध्वनी आदेशानुसार कार्यवाही करीत आहे, कृपया पुष्टी व्हावी’ असा दोन ओळींचा संदेश किंवा पत्र पाठविले की झाले. समंजस अधिकाऱ्याला त्याचा राग येत नाही, कारण त्याच्याही दप्तरी ते उपयोगी पडते.

आणखी एक सावधगिरी अलीकडे आवश्यक झाली आहे. अधिकाऱ्याचे छायाचित्र लावून अनोळखी क्रमांकावरून ‘हॅलो, बैठकीत आहे, तातडीने एक काम करा’ असे संदेश पाठविणारे भामटे आहेत. काम बहुधा पैसे पाठविण्याचे किंवा भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगण्याचे असते. तुटकपणा व घाई ही येथे मुद्दाम पांघरलेली असते. अशा वेळी तत्परता दाखवायची ती एवढीच की, त्या क्रमांकाला काहीही न देता अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या नेहमीच्या दूरध्वनीवर विचारायचे. खरा अधिकारी असेल तर त्याची दोन मिनिटे जातील.

धनजच्या आपल्या प्रसंगात दुपारी पावणेचारला गळती सापडली. नाल्याच्या कडेला जलवाहिनीचा सांधा निसटला होता. ४ वाजता संदेश गेला : ‘गळती सापडली, सांधा बदलण्याचे काम सुरू. उद्या सकाळच्या पुरवठ्यानंतर तपासणी, निकाल ११ पर्यंत. तोवर १४ घरांना उकळून पिण्याची सूचना कायम.’ ग्रामपंचायत अधिकाऱ्याने दूरध्वनी नोंदवहीत त्या दिवसाच्या चार ओळी लिहिल्या, प्रत्येकीपुढे वेळ घातली, आणि उद्याच्या पानावर ‘११.००, शेवटचे घर’ अशी आगाऊ नोंद करून वही मिटली.